समेवरचा दीप

केदार पाठक बिहारातल्या आऱ्याहून बनारसला आला तेव्हा त्याचा गळा बेताचाच होता. हिशेब मात्र पक्का होता. कुठलीही ओळ कानावर पडली की तिच्या मात्रा त्याच्या बोटांच्या पेरांवर आपोआप मोजल्या जायच्या. भाजीवालीची हाक असो की शेजारणीचं भांडण, तीनतालाच्या सोळा मात्रांत ते कुठून उचललं तर नेमका कुठला शब्द पहिल्या मात्रेवर, म्हणजे समेवर, येऊन बसेल हे तो चालता चालता सांगायचा. एकदा दूधवाल्याच्या शिवीची त्याने अशी मांडणी केली की शिवीतला मुख्य नग बरोबर समेवर पडला. उमानाथ त्यावर गल्लीत पोट धरून हसला होता.

उमानाथ हा पंडित विश्वंभर मिश्रांचा एकुलता एक मुलगा. केदारला त्या घरात आणलं त्यानेच. घाटावर गाठोडं उशाला घेऊन पडलेल्या ह्या परक्या पोराला त्याने कबीरचौऱ्यातल्या आपल्या घरी नेलं, आपल्या खाटेवर अर्धी जागा दिली, गंगेत पोहायला शिकवलं, आणि वडिलांपुढे उभं करून सांगितलं की बाबूजी, ह्याच्या डोक्यात तबला बसलाय, ह्याला ठेवून घ्या. पंडितजींनी केदारला दोन ओळी दिल्या आणि झपतालात बसवायला सांगितल्या. पानाला चुना लावून होईपर्यंत केदारने त्या बसवल्या. पंडितजींनी पान तोंडात टाकलं आणि त्या दिवसापासून केदारचं ताट त्या घरात पडू लागलं.

पुढे त्याला कळलं की पंडितजींना बंदिशींची गरज होती. ऐन उमेदीत त्यांनी रचलेल्या चिजा आता सगळ्या शहराला पाठ झाल्या होत्या आणि नवं काही सुचत नव्हतं. केदार रचायचा. पंडितजी ऐकायचे, एखादी जागा बदलायचे, आणि अंतऱ्यात जिथे रचणाऱ्याचं नाव गुंफायचं असतं तिथे आपली छाप घालायचे. 'विश्वरंग'. मैफलीत लोक वाहवा करायचे, म्हातारपणी पंडितजींना बहर आलाय म्हणायचे. केदार मागे तंबोऱ्यावर बसून हे ऐकत असायचा. पहिली काही वर्षं त्याला त्याचा अभिमानच वाटला. मग तो अभिमान आंबत गेला.

उमानाथचं सगळं उलटं होतं. त्याचा आवाज असा की 'सा' लावला तर स्वयंपाकघरात त्याच्या आईच्या, माईच्या, हातातलं लाटणं थांबायचं. पण मात्रा त्याला कधीच दिसल्या नाहीत. तो कानाने गायचा. शिकवलेली ओळ शिकवलेल्या जागेवरून उचलायचा आणि ती बरोबर समेवर यायची, कारण शिकवणाऱ्याने ती तशी बसवून दिलेली असायची. जागा हलली की तो हरवायचा. लहानपणी पंडितजींनी त्याच्या बोटांवर तबल्याची हातोडी मारून मारून ताल शिकवायचा प्रयत्न केला होता. उजव्या हाताची दोन बोटं त्यामुळे थोडी वाकडीच राहिली होती. ताल काही आला नव्हता.

त्या वर्षी रामनवमीच्या उत्सवात महंतांच्या अंगणात उमानाथला पहिल्यांदा एकट्याने बसवायचं ठरलं. त्या अंगणात ज्याचं गाणं रंगलं तो गवई ठरायचा, आणि ज्याचं पडलं त्याला बनारसी माणूस जन्मभर विसरत नसे. संध्याकाळची वेळ होती, म्हणून पूरिया धनाश्री ठरला. विलंबित ख्याल घराण्यातला जुनाच होता. त्याच्यामागून गायची तीनतालातली चीज मात्र नवी हवी होती. ती केदारने रचली.

'मग जोवत भई साँझ.' वाट बघता बघता संध्याकाळ झाली. ओळ नवव्या मात्रेवरून, म्हणजे 'खाली'वरून, उचलायची. 'मग जोवत भई', 'ई' ऱ्हस्व घेऊन, बरोबर आठ मात्रांचं, आणि 'साँझ' समेवर. अंतऱ्यात 'पंछी सब घर', पुन्हा आठ मात्रा, आणि समेवर 'आए'. त्या 'ए'वर पुढच्या आठव्या मात्रेपर्यंत निवांत रेंगाळायचं. मग पुन्हा खालीवरून 'दास कहे अब', आठच मात्रा, आणि समेवर 'दीप'. दीप जरावो. पाखरं घरी आली, आता दिवा लावा. साँझ समेवर, घरी येणं समेवर, दिवा समेवर. केदारने ती पहिल्यांदा म्हणून दाखवली तेव्हा उमानाथ म्हणाला, "ह्यात 'दास' तूच आहेस ना?"

केदारने मान हलवली.

"तर मग ह्यात दुसरं नाव पडणार नाही. मी बाबूजींशी बोलतो."

आणि तो खरंच बोलला. वडिलांसमोर मान वर न करणारा उमानाथ त्या दिवशी बोलला की ही एक चीज केदारच्या नावाने राहू द्या. पंडितजींनी सुपारी कातरता कातरता 'बरं' म्हटलं. केदार दाराआडून ऐकत होता. त्या रात्री त्याला झोप आली नाही. आपलं नाव महंतांच्या अंगणात उमानाथच्या आवाजातून कसं ऐकू येईल, एवढंच तो कल्पून बघत राहिला.

दोघांनी मिळून ती चीज घोटली. केदारने डग्गा ओढून ठेका धरला आणि उमानाथ गायला, इतक्यांदा की माईसुद्धा चुलीपाशी 'दास कहे अब' गुणगुणू लागल्या. उमानाथच्या हाडात ती उचल बसली. खाली आली की 'दास', खाली आली की 'दास'. आता झोपेतून उठवलं तरी चुकणार नाही, असं केदारने स्वतः पंडितजींना सांगितलं.

नवमीच्या सकाळी उमानाथ गंगेवरून आला तो तोंड पाडून. केदार ओसरीवर तंबोऱ्याच्या तारा पुसत बसला होता. शेजारच्या खोलीत पंडितजी पूजेला बसले होते. दार उघडं होतं, घंटी वाजत होती.

"केदार," उमानाथ त्याच्याजवळ बसून हळूच म्हणाला, "घाटावर बाबूजी म्हणाले की 'दास' नको, 'विश्वरंग' घाल. महंतजींसमोर घराण्याचं नाव यायला हवं म्हणे. मी म्हटलं, तुम्ही शब्द दिला होता. तर म्हणाले, शिष्याला दिलेला शब्द आणि शिष्याने दिलेला शब्द, दोन्ही गुरूचेच."

केदारचा हात तारेवर थांबला.

"मी काय करू, सांग," उमानाथ म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. "तू म्हणालास तर मी 'दास'च म्हणतो. नंतर काय व्हायचं ते होऊ दे."

तो खरंच तसं करणार होता, हे केदारला दिसत होतं. आणि हेच त्याला सहन झालं नाही. एवढा आवाज, एवढा बाप, एवढं घर असलेला माणूस आपल्यासाठी मार खायला तयार होतो, आणि त्यामुळे आपण आणखीच त्याच्या खाटेच्या अर्ध्या भागावरचे होतो. पंडितजींवरचा राग काढायला पंडितजी हाताशी नव्हते. उमानाथ होता.

"नको भैया," तो म्हणाला. "गुरुजी म्हणतात तसंच म्हण."

"पण बसतं ना ते? शब्द मोठा आहे."

केदारच्या अंगठ्याने पेरं कधीच मोजली होती. 'दास' तीन मात्रांचा, 'विश्वरंग' सहा मात्रांचा. तीन मात्रा जास्त. त्या आणायच्या कुठून हेही त्याला तेव्हाच दिसलं होतं. 'आए'वरचं रेंगाळणं पाचव्या मात्रेवर सोडायचं आणि सहाव्यापासून 'विश्व' सुरू करायचं. खालीवर 'रं' येतो आणि दीप आपल्या जागी, समेवर. उपाय सोपा होता. दुपारभर घोटलं असतं तर उमानाथला ते आलंही असतं.

"बसतं," केदार म्हणाला. "उचल तशीच ठेव. खालीवरून."

"नक्की?"

"मी कधी चुकलोय?"

उमानाथचा चेहरा निवळला. त्याने केदारच्या पाठीवर हात ठेवला आणि आंघोळीचं ओलं धोतर वाळत घालायला गेला. आतली घंटी मध्येच थांबली होती. ती पुन्हा वाजू लागली.

संध्याकाळी अंगण भरलं. तबल्यावर ननकू महाराज होते. म्हातारे, तोंडात कायम पान, आणि गवयाला मदत करायची नाही, अडवायचंही नाही, ठेका आरशासारखा स्वच्छ द्यायचा, ही त्यांची ख्याती. पुढे महंत तक्क्याला टेकलेले, त्यांच्या उजवीकडे पंडितजी. केदार मागे तंबोऱ्यावर. वरच्या सज्जात बांबूच्या चिकाच्या पडद्याआड बायका, त्यांत माई.

विलंबित फार सुंदर झालं. लोक हलायचे थांबले. महंतांनी डोळे मिटले. 'मग जोवत भई' सुरू झालं आणि समेवर 'साँझ' असा पडला की सगळ्या अंगणाने एकदम मान हलवली. केदारला वाटलं, थांबावं. आता मागून हळूच सांगावं, 'सहाव्यावरून घे.' तंबोरा छेडता छेडता एवढं बोलता येतं, शिष्य मागून गवयाला शब्द सुचवतातच. त्याने तोंड उघडलं नाही. 'पंछी सब घर आए.' 'ए'वर उमानाथ रेंगाळला, अगदी निवांत, घरी आलेल्या पाखरासारखा. सहावी मात्रा गेली. सातवी गेली. आठवी गेली. खाली आली.

'विश्वरंग कहे' म्हणतानाच सम आली. ननकू महाराजांनी ती खणखणीत वाजवली. उमानाथ तिथे 'हे' ओढत होता. दीप आला चौथ्या मात्रेवर, सगळं ओसरल्यावर, रिकाम्या जागी.

क्षणभर कोणाला वाटलं, मुद्दाम केलं असेल. उमानाथने मान वळवून मागे बघितलं. केदारने नजर तारांवर ठेवली. उमानाथने अंतरा पुन्हा घेतला. तसाच, खालीवरून, कारण तसंच सांगितलं होतं. पुन्हा सम 'हे'वर. ह्या वेळी मागून कोणीतरी म्हणालं, "दिवा लागेना का गुरू? वात ओली दिसते." हशा पिकला.

तिसऱ्यांदा त्याने घाईत शब्द कोंबायचा प्रयत्न केला. दीप दोन मात्रा आधीच येऊन पडला. आता त्याला सम कुठे आहे हेच कळेना. मुखड्याकडे, पहिल्या ओळीकडे, परतला तर 'साँझ'ही हुकली, जी घोटताना एकदाही हुकली नव्हती. तो त्या आवर्तनात पाण्यात बुडणाऱ्यासारखा हात मारू लागला. ननकू महाराज शांतपणे ठेका देत राहिले. "संध्याकाळ झाली, दिवा नाही, पाखरू अंधारात," असं कोणी म्हटलं आणि मागची पोरं शिट्ट्या घालू लागली. महंतांनी डोळे उघडले आणि पानाचा डबा मागवला.

पंडितजींनी आवाज चढवला नाही.

"उतर," ते म्हणाले.

उमानाथला ते ऐकू आलं नसावं. तो गातच होता.

"उमा, उतर खाली. केदार, पुढे ये. होरी म्हण."

उमानाथ उठला. उठताना त्याचा पाय तंबोऱ्याच्या गवसणीत अडकला आणि तो लोकांसमोर गुडघ्यावर पडला. त्यालाही लोक हसले. केदार पुढे सरकला आणि होरी गायला. गळा बेताचाच होता, पण प्रत्येक सम सुईच्या टोकावर घेतली. ननकू महाराजांना चेव आला. लोकांनी दाद दिली. सज्जातला पडदा हलला नाही.

उठताना ननकू महाराज तबल्यावर कापड टाकत केदारला म्हणाले, "बेटा, शब्द लांब होता की पोरगा आखूड?" आणि उत्तराची वाट न बघता पिंक टाकायला गेले.

घरी आल्यावर पंडितजींनी केदारला आपल्या खोलीत बोलावलं. दिवा समोर होता. ते बराच वेळ सुपारी कातरत राहिले.

"सहाव्यावरून," ते अखेर म्हणाले. "हो ना?"

केदार दाराकडे बघू लागला.

"सकाळी मी पूजेत होतो, बहिरा नव्हतो. तू त्याला खालीवरून म्हणालास, ते ऐकलं मी."

"मग तुम्ही..."

"मी का सांगितलं नाही? त्याला कळतं का, बघायचं होतं. पहिल्यांदा चुकला, ठीक. ज्याच्या अंगात लय आहे तो दुसऱ्यांदा आपणहून आधी उचलतो. तो तीन वेळा त्याच खड्ड्यात गेला, कारण तू सांगितलं होतंस." त्यांनी सुपारीचा तुकडा केदारपुढे धरला. "असला आवाज घेऊन काय करायचं? उद्यापासून गादीवर तू बसायचंस. छाप माझीच राहील."

केदारने सुपारी घेतली. नको म्हणायचं त्याला सुचलंही नाही. खोलीतून बाहेर पडताना आपल्याला शिक्षा झाली की बक्षीस मिळालं हे त्याला नीट ठरवता येईना, आणि त्याहून वाईट म्हणजे आतून बरंच वाटत होतं.

उमानाथला कोणी काहीच सांगितलं नाही. आपणच गोंधळलो, घोटलेलं विसरलो, असं तो धरून बसला. केदारचीच त्याने माफी मागितली. तुझी इतकी गोड चीज मी मातीत घातली म्हणाला. केदार म्हणाला, "होतं असं, भैया." मग उमानाथने गाणं सोडलं. पंडितजींनी त्याला गाऊ नको असं कधी म्हटलं नाही, फक्त तो 'सा' लावू लागला की ते उठून बाहेर जायचे. गल्लीतली पोरं त्याला बघून 'दिवा लावा, दिवा' म्हणायची. तो हसायचा, आणि काही महिन्यांनी हसायचाही थांबला.

पुढच्या नवमीला त्याच अंगणात केदार बसला. मागे तंबोऱ्यावर कोण, असं महंतांच्या माणसाने विचारलं तेव्हा पंडितजी म्हणाले, उमा बसेल, त्याला तेवढं जमतं. आपण दुसरी चीज घ्यावी असं केदारच्या मनात होतं, पण पंडितजींची आज्ञा झाली की हीच गा. ह्या अंगणात घराण्याचं नाव पडलं होतं, इथेच उठलं पाहिजे.

'मग जोवत भई साँझ.' ननकू महाराजांचा ठेका तसाच स्वच्छ. 'पंछी सब घर आए.' पाठीमागे उमानाथचा तंबोरा एकसारखा झंकारत होता. पाचव्या मात्रेवर केदारने 'ए' सोडला आणि सहाव्यावरून 'विश्वरंग' उचलला. खालीवर 'रं' आला. 'कहे अब.' दीप समेवर असा पडला की सगळं अंगण एका आवाजात 'आह' म्हणालं.

तंबोऱ्याचा एक झंकार चुकला. फक्त एक. लोकांना ऐकूही आला नसेल. मग तारा पुन्हा सुरू झाल्या, आणि मैफल संपेपर्यंत सुरू राहिल्या. लोक तो अंतरा पुन्हा पुन्हा मागत होते. केदारला तो प्रत्येक वेळी त्याच जागेवरून उचलावा लागला, पाठीवर ती नजर घेऊन.

मैफल संपली, लोक केदारच्या पाया पडायला पुढे आले. गर्दी ओसरल्यावर त्याने मागे बघितलं तर उमानाथ तंबोऱ्याला गवसणी चढवत होता. अगदी निगुतीने, खुंट्यांपाशी कापड नीट बसवून.

"आधीपासून उचलायचं होतं," तो म्हणाला. वर न बघता.

"भैया, मी..."

"मी 'दास' म्हणतो म्हटलं होतं तुला." त्याने गवसणीची नाडी बांधली. "तू हो म्हणायला हवं होतंस. बाबूजींनी मारलं असतं, एवढंच."

तंबोरा त्याने केदारच्या हातात दिला आणि अंगणातून बाहेर पडला. घरी तो आला नाही. दुसऱ्या दिवशी पंडितजींनी घाटावर, नावाड्यांकडे, स्टेशनवर चौकशी करवली, ती वरवरचीच. कोणी म्हणालं गयेच्या गाडीत दिसला, कोणी म्हणालं कलकत्त्याला गेला, तिथे एका नाटक कंपनीत पडदे ओढतो. खरं काय ते कधी कळलं नाही.

पंडितजी त्यानंतर बरीच वर्षं जगले. केदारला मान मिळाला, शिष्य मिळाले, रेडिओवर त्याच्या बंदिशी वाजल्या, आणि प्रत्येक अंतऱ्यात विश्वरंग होता. पंडितजी गेल्यावर छाप बदलायला त्याला कोणी अडवलं नसतं. पण तोवर लोकांना त्या नावाचीच सवय झाली होती. एकदा त्याने एका नव्या चिजेत 'दास' घालून बघितला. ऐकणाऱ्यांनी विचारलं, हा कोणाचा?

माई त्याला अजून ताट वाढतात. आता त्यांना नीट दिसत नाही. वाढताना त्या कधी कधी त्याच्या डोक्यावर हात ठेवतात आणि विचारतात की तुम्ही दोघे एका खाटेवर झोपायचात, जाण्याआधी तो तुला काहीतरी बोलला असेल. आठवून बघ बाबा, काय म्हणाला होता?

केदार म्हणतो, काही नाही माई. आणि जेवत राहतो.